कंगव्याकडे वळणारी धार

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून दहा-बारा वेळा फिरवायचा आणि नळाच्या बारीक धारेजवळ न्यायचा. धार कंगव्याकडे वाकते. हा प्रयोग मी आयुष्यात किती मुलांना करून दाखवला असेल, याची मोजदाद नाही. सोबतचे स्पष्टीकरणही पाठ झालेले होते. पाण्याच्या रेणूला एक धन टोक आणि एक ऋण टोक असते. कंगवा ऋणभारित असतो. त्यामुळे रेणू फिरतात, धन टोके कंगव्याकडे करतात आणि ओढले जातात.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या सुट्टीत शेजारची एक मुलगी हा प्रयोग पाहायला आली. आठवीत असेल. स्पष्टीकरण संपल्यावर ती म्हणाली, "काका, पण ऋण टोक मागे ढकललं जाईल ना? जेवढं हे टोक पुढे ओढलं जातं, तेवढंच ते मागे. मग धार का हलते?"

मी म्हणालो, धन टोक कंगव्याला जरा जवळ असते, म्हणून ओढ जरा जास्त. ती म्हणाली, "जरा म्हणजे किती?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पदार्थविज्ञान मी कॉलेजात शिकलेलो नाही, जे काही येते ते पुस्तके आणि रद्दीतून उचललेली क्रमिक पाठ्यपुस्तके यांतून आलेले. 'जरा म्हणजे किती' हे कधी मोजले नव्हते. पुढचे काही महिने मी ते मोजत बसलो. त्या हिशेबाच्या शेवटी निघाले ते असे, की प्रयोग खरा आहे, पण इतकी वर्षे मी सांगत आलो ते कारण खरे नाही.

लांबून पाहिलेली जोडी

सुरुवात त्या दोन टोकांपासूनच करावी लागते. एक धनभार आणि तेवढाच ऋणभार एकमेकांपासून थोड्या अंतरावर धरून ठेवले, की त्या जोडीला विद्युत द्विध्रुव म्हणतात. भाराला q म्हणू, अंतराला d. दोघांचा गुणाकार p = qd म्हणजे द्विध्रुव आघूर्ण. त्याला दिशाही असते, ऋणाकडून धनाकडे.

एकट्या भाराचा प्रभाव सांगणारी राशी म्हणजे विभव, आणि तो अंतराच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट तर विभव निम्मा. जोडीचे मात्र वेगळे. दूरच्या बिंदूवर उभे राहून पाहिले तर धनभार जेवढा विभव देतो, जवळपास तेवढाच ऋणभार काढून घेतो. उरतो तो फक्त दोघांच्या अंतरांतल्या किंचित फरकाचा. बिंदू r अंतरावर असेल आणि त्याची दिशा द्विध्रुवाच्या दिशेशी θ कोन करत असेल, तर हा फरक जवळपास d cosθ एवढा असतो. आता 1/r मध्ये r किंचित बदलला तर उत्तर किती बदलते? तो किंचित बदल भागिले r चा वर्ग, एवढे. म्हणून

V = k p cosθ / r²

यातला k हा नेहमीचा स्थिरांक, सुमारे नऊ अब्ज. सूत्रात एक गोष्ट लक्षात येते. q आणि d वेगवेगळे कुठेच दिसत नाहीत, फक्त त्यांचा गुणाकार दिसतो. मोठे भार जवळ ठेवलेत की लहान भार लांब ठेवलेत, हे दुरून ओळखता येत नाही. दूर म्हणजे किती, याचेही उत्तर सोपे आहे. जोडीच्या अक्षावर, दोन भारांमधल्या अंतराच्या पाचपट दूर गेलो तरी सूत्राची चूक एक टक्क्यावर येते.

क्षेत्र म्हणजे तिथे ठेवलेल्या एकक भाराला बसणारा जोर. तो विभवाच्या उतारावरून काढतात, म्हणून त्यात अंतराचा आणखी एक घात वाढतो. द्विध्रुवाच्या अक्षावर, टोकासमोर, क्षेत्र 2kp/r³ असते. बाजूला, अक्षाला काटकोनात, ते बरोबर निम्मे म्हणजे kp/r³ असते आणि त्याची दिशा द्विध्रुवाच्या उलट असते. इथे मी एकदा फसलो होतो. बाजूला cosθ शून्य, म्हणून विभव शून्य. मग क्षेत्रही शून्य असेल असे मी वहीत लिहून ठेवले होते. पण डोंगर उतरताना समुद्रसपाटीच्या रेषेवर पाय ठेवला म्हणून उतार संपत नाही. विभव शून्य असणे वेगळे आणि त्याचा उतार शून्य असणे वेगळे.

पाण्याच्या एका रेणूचे p सुमारे 6.2 × 10⁻³⁰ कूलोम-मीटर आहे. म्हणजे जणू एका इलेक्ट्रॉनएवढा भार ०.०३९ नॅनोमीटर अंतराने विभागलेला. अक्षावर एक नॅनोमीटर दूर गेले तर सूत्रानुसार विभव ०.०५६ व्होल्ट आणि क्षेत्र मीटरला सुमारे ११ कोटी व्होल्ट येते. दहा नॅनोमीटरवर विभव शंभरपट उतरतो, क्षेत्र हजारपट उतरून मीटरला सुमारे एक लाख व्होल्टवर येते. शेजाऱ्याला जबरदस्त आणि गल्लीच्या टोकाला जाणवतही नाही, असा हा प्रभाव आहे.

फिरतो, पण सरकत नाही

आता हाच रेणू बाहेरच्या क्षेत्रात ठेवू. आधी क्षेत्र सगळीकडे सारखे आहे असे धरू, म्हणजे दोन समांतर पत्र्यांच्या मधोमध असते तसे. धन टोकावर क्षेत्राच्या दिशेने qE एवढा जोर, ऋण टोकावर उलट दिशेने तेवढाच. दोन्ही मिळून शून्य. त्या मुलीचे म्हणणे इथे तंतोतंत बरोबर ठरते. एकसारख्या क्षेत्रात द्विध्रुव कुठेही ओढला जात नाही.

पण दोन जोर एका रेषेत नसतात, म्हणून तो फिरतो. दोन्ही हातांनी गाडीचे स्टिअरिंग फिरवताना एक हात वर ढकलतो आणि दुसरा खाली ओढतो. चाक जागचे हलत नाही, फक्त वळते. या फिरवणाऱ्या जोराला बलाघूर्ण म्हणतात. त्याचे मूल्य pE sinθ. द्विध्रुव क्षेत्राला आडवा असेल तेव्हा ते सर्वांत जास्त, आणि क्षेत्राच्या दिशेत वळला की शून्य. बरोबर उलटा असेल तेव्हाही शून्यच, पण ती जागा टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी. जरासा धक्का लागला की तो पूर्ण फिरून सरळ होतो.

या फिरण्याचा ऊर्जेच्या भाषेतला हिशेब U = −pE cosθ असा. आडव्या स्थितीला शून्य धरले तर सरळ स्थितीत ऊर्जा −pE आणि उलट स्थितीत +pE. म्हणजे सरळ रेणूला उलटा करायला 2pE एवढे काम पडते.

मग सगळे रेणू सरळ होऊन बसतील का? पाणी थंड आणि निश्चल असते तर बसले असते. पण खोलीच्या तापमानाला प्रत्येक रेणू धडका खात असतो. या उष्णतेच्या धुमसण्याचे माप kT, साधारण 4.1 × 10⁻²¹ ज्यूल. (हा k वेगळा, बोल्ट्झमनचा.) कंगव्याजवळचे क्षेत्र आपण मीटरला तीन लाख व्होल्ट धरू. हवेतून ठिणगी पडायला याच्या दहापट लागते, तेव्हा हा अंदाज कंगव्याला कमी लेखणारा नाही. या क्षेत्रात pE येते 1.9 × 10⁻²⁴ ज्यूल. उष्णतेचे धुमसणे याच्या सुमारे २२०० पट आहे.

अशा वेळी रेणूंचा सरासरी कल pE/3kT एवढा असतो, म्हणजे दहा हजारांत दीड. माझ्या मनातले चित्र होते कवायतीच्या मैदानावर 'दाहिने मुड' म्हटल्यावर वळलेल्या मुलांचे. प्रत्यक्षात ती जत्रेतली गर्दी आहे. प्रत्येक जण मनाला येईल तिकडे तोंड करून, फक्त एका बाजूला अगदी नकळत थोडासा अधिक ओढा. आणि हे आकडे एकेकट्या, मोकळ्या रेणूचे. द्रव पाण्यात शेजारच्या रेणूवर जे क्षेत्र पडते ते ०.२८ नॅनोमीटर अंतरावरून. इतक्या जवळ आपले दूरचे सूत्र नेमके लागू पडत नाही, पण अंदाजापुरते वापरले तर मीटरला ५०० कोटी व्होल्ट येते. कंगव्याच्या तीन लाखांचे त्यापुढे काय चालणार? शिवाय सभोवतालच्या रेणूंमुळे धारेच्या आतले क्षेत्र बाहेरच्यापेक्षा खूप कमी होते. त्यामुळे खरा कल दहा हजारांत दीडपेक्षाही कमी राहतो.

'जरा' म्हणजे किती

कंगव्याचे क्षेत्र अर्थात एकसारखे नसते. कंगव्याजवळ ते जास्त आणि लांब गेले की कमी. म्हणून जवळच्या टोकावरची ओढ लांबच्या टोकावरच्या ढकलण्यापेक्षा थोडी जास्त असते, आणि रेणूवर उरणारा जोर p गुणिले क्षेत्राच्या बदलाचा वेग एवढा असतो. माझे 'जरा' ते हेच. आता ते मोजू.

क्षेत्र दोन सेंटिमीटरच्या अंतरात विरून जाते असे धरू, आणि धार एक मिलिमीटर त्रिज्येची. आडव्या क्षेत्रात पाण्याच्या धारेचे जास्तीत जास्त जेवढे ध्रुवीभवन होऊ शकते, तेवढे सगळे धरले. हिशेब केल्यावर धारेवरची आडवी ओढ तिच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी निघाली, ०.८ टक्का. पाच सेंटिमीटरचा टप्पा पार करताना एवढ्या जोराने धार अर्ध्या अंशाइतकीही वळणार नाही. डोळ्यांना ती सरळच दिसेल. पण नळाखाली तर ती ठळकपणे वाकते.

म्हणजे दुसरे काहीतरी आहे. ते समोरच होते, पण पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो या एका वाक्याने माझे लक्ष तिकडे जाऊ दिले नव्हते. नळाचे पाणी वीज वाहून नेते. त्यात विरघळलेले क्षार आयनांच्या रूपात मोकळे फिरत असतात, आणि धार वर नळाशी, नळातून जमिनीशी जोडलेली असते. ऋणभारित कंगवा जवळ आला की नळाच्या दिशेने ऋणभार मागे हटतो आणि धारेच्या कंगव्यासमोरच्या भागात धनभार उरतो. आता तो भाग दोन टोकांची जोडी राहिलेला नाही. त्याच्यावर निव्वळ भार आहे, आणि निव्वळ भार असलेली वस्तू एकसारख्या क्षेत्रातही ओढली जाते. तिला 'जरा'ची गरज पडत नाही.

याचाही हिशेब केला. धारेच्या पृष्ठभागावर त्या क्षेत्राला साजेसा भार जमतो असे धरले तर आडवी ओढ वजनाच्या सुमारे १६ टक्के येते. द्विध्रुवांच्या ओढीच्या वीसपट. हा वीसचा आकडाही सहज समजतो. क्षेत्र विरायला लागणारे दोन सेंटिमीटर भागिले धारेची एक मिलिमीटर त्रिज्या. एवढ्या ओढीने धार आठ-नऊ अंश वळते, आणि नळाखाली साधारण तसेच दिसते. आकडे ढोबळ आहेत. कंगव्याचा भार आणि अंतर बदलले की तेही बदलतील. पण वीसपटीचा फरक ढोबळपणात बुडून जाणारा नाही.

डिस्टिल्ड वॉटरची धारही वाकते, मग आयनांचे काय, असा प्रश्न मला नंतर एकाने विचारला. उत्तर वेळेत आहे. शुद्ध पाण्यातही थोडे आयन असतात, आणि भाराला जागा बदलायला तिथे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा वेळ पुरतो. धारेला कंगव्यासमोरून जायला त्याच्या कित्येक शेपट वेळ लागतो.

दुसरी शंका अधिक चिवट आहे. पुस्तकात लिहितात, की अध्रुवीय द्रवाची धार कंगव्याजवळ सरळच राहते, आणि हाच द्विध्रुवाचा पुरावा. पण असे द्रव सहसा विजेचे वाहकही नसतात. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकीला दिले. दोन साक्षीदारांपैकी एकालाच बोलावून निकाल देण्यासारखे हे झाले.

दोघांना वेगळे करणारी चाचणी घरात होते. स्टीलचा डबा थर्मोकोलच्या जाड तुकड्यावर ठेवला. जॅमच्या बाटलीत तांब्याची तार आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पन्नीची दोन पाने टांगून विद्युतदर्शी केला आणि तो तारेने डब्याला जोडला. नळ इतका बारीक सोडला की धार वीतभर खाली जाऊन थेंबांत तुटावी, आणि तुटण्याच्या जागेजवळ, पाणी न लागेल असा, कंगवा धरला. थेंब डब्यात पडत गेले तशी पाने फाकू लागली. कंगवा न घासता तेच केले तर पाने जागची हलली नाहीत. मग घासलेला कंगवा विद्युतदर्शीच्या वरच्या टोकाजवळ आणला, तर फाकलेली पाने मिटली. म्हणजे पाण्यावरचा भार कंगव्याच्या उलट, धन. द्विध्रुवांनी कितीही कवायत केली तरी त्यांची बेरीज शून्यच राहते. त्यांच्याने पाने फाकली नसती. हे सगळे डिसेंबरमध्ये करावे. पावसाळ्यात मी आठवडाभर धडपडलो आणि दमट हवेत कंगव्यावर भारच टिकला नाही.

यात माझा शोध काही नाही. थेंबांवर असा भार चढतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८६७ मध्येच दाखवले होते. दोन धारा आणि धातूची चार भांडी, एवढ्यावर त्यांनी ठिणगी पडेल इतका भार जमवला. कंगव्याच्या प्रयोगाचे नेहमीचे स्पष्टीकरण चुकते आणि खरे कारण भारित थेंब आहे, असे सांगणारा शोधनिबंधही २००० साली रसायनशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात आलेला आहे. मला तो माझा हिशेब झाल्यावर सापडला. आधी सापडला असता तर महिने वाचले असते, पण हिशेब झाला नसता.

मग द्विध्रुव दिसतो कुठे?

धार वाकण्यातून पाण्याचा द्विध्रुव सिद्ध होत नाही, याचा अर्थ तो नाही असा नव्हे. त्याला पकडायचे तर ज्या उष्णतेने त्याला कवायत करू दिली नाही, तिलाच साक्षीला बोलवावे लागते. हे सुचले पीटर डिबाय या डच शास्त्रज्ञाला, १९१२ मध्ये.

त्याचा युक्तिवाद वर आलेल्या pE/3kT मध्येच आहे. रेणूंचा सरासरी कल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाफ दोन पत्र्यांच्या मध्ये, एकसारख्या क्षेत्रात ठेवली आणि तापवत नेली, तर रेणूंना कायमचा द्विध्रुव असल्यास ध्रुवीभवन कमी होत जाईल. धुमसणे वाढले की गर्दीतला तो थोडासा ओढाही उतरतो. उलट, मुळात द्विध्रुव नसलेल्या रेणूत क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन किंचित सरकतात तेवढेच. त्याला तापमानाशी देणेघेणे नाही. म्हणून आलेखात आडव्या अक्षावर 1/T घ्यायचे. रेषा चढती आली तर तिच्या चढावरून p मिळते. रेषा सपाट आली तर p शून्य.

कार्बन डायऑक्साइडची रेषा सपाट येते. त्यातले दोन ऑक्सिजन कार्बनच्या दोन बाजूंना एका रेषेत बसलेले असल्याशिवाय हे शक्य नाही, कारण दोन बंधांचे द्विध्रुव एकमेकांना पुरते खोडून टाकतात. पाण्याच्या वाफेची रेषा चढती येते. म्हणजे पाण्याचा रेणू सरळ रेषेत नाही, तो वाकलेला आहे. आज आपण त्याचा कोन १०४.५ अंश सांगतो. रेणूंची रचना उलगडण्याच्या कामासाठी डिबाय यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि द्विध्रुव आघूर्णाचे एकक आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाण्याचे मूल्य त्या एककात १.८५.

दहा हजारांत दीडसारखा क्षीण कल, पण त्याचे तापमानाबरोबर उतरणे नेमके मोजले आणि कुणालाही न दिसणाऱ्या रेणूचा आकार कळला. धार वाकण्याचा देखावा त्यामानाने किती मोठा, आणि रेणूबद्दल त्यातून कळते किती थोडे.

ती मुलगी आता बारावीला आहे. मागच्या हिवाळ्यात तिला बोलावून डबा, जॅमची बाटली आणि वही समोर ठेवली. 'जरा म्हणजे किती' याचे उत्तर वजनाच्या एक टक्क्याहून कमी, आणि म्हणून माझे तेव्हाचे कारण चूक, असे सांगितले. तिने वहीतले आकडे एकेक करून तपासले. मग कंगवा हातात घेऊन म्हणाली, "काका, आधी नळाखाली परत करू, मग हे."